दोघींचं एकच मानपत्र

आमच्या ट्रंक एक्स्चेंजमधून कोणी गेलं, की त्याचं मानपत्र मी लिहायची आणि माझ्या शेजारच्या स्टुलावरची ती वाचायची. बाकी सगळं ठरलेलं असे. टेबलावर चादर, शाल, नारळ, हार, साहेबांचे दोन शब्द, जाणाऱ्याचे दोन शब्द, मग चिवडा आणि चहा. आणि दरवेळी चहा पिताना लोक तिच्याभोवती गोळा व्हायचे. "काय वाचलं बाई! डोळ्यात पाणी आणलं." अरे बाबांनो, पाणी आणणारी वाक्यं कोणाची होती? मी बशीत चहा ओतून फुंकत बसायची.

मी जळायची तिच्यावर. सरळ सांगते, मला त्यात लपवण्यासारखं काही वाटत नाही. सत्तरच्या दशकात नागपुरात ज्यांनी ट्रंक कॉल, म्हणजे परगावचे फोन, लावले असतील त्यांना तिचा आवाज आठवत असेल. आम्ही सगळ्या उंच स्टुलांवर ओळीने बसायचो, कानाला हेडफोन, समोर भोकाभोकांचा बोर्ड, लुकलुकणारे दिवे, हातात दोरीची पिन. शब्दही सगळ्यांचे तेच: "तीन मिनिटं झाली, वाढवायचं का?" तेच वाक्य मी बोलले की समोरचा खेकसायचा, आणि ती बोलली की माणूस म्हणायचा, "वाढवा ना बाई, तुम्ही म्हणता तर." काटोलचा एक संत्र्यांचा व्यापारी होता. मोसमात रोज कलकत्त्याचा अर्जंट कॉल मागायचा. माझा आवाज ऐकला की म्हणायचा, "त्या दुसऱ्या बाईले द्या ना जरा." जसं काही मी दुकानातला उतरलेला माल.

आमच्या मोठ्या बाई, म्हणजे सुपरवायझर, आम्हाला घरच्या भागावरून हाक मारायच्या. ती 'महाल' आणि मी 'सक्करदरा'. "महाल, दिल्ली घे. सक्करदरा, तू भंडारा घे." दिल्ली नेहमी तिला. मला भंडारा, गोंदिया, बालाघाट, जिथली लाइन कायम खरखरायची.

मानपत्र लिहिणं हे एकच काम असं होतं, की ते माझ्याशिवाय होत नसे. आणि ते सोपं नव्हतं. रिटायर होणाऱ्याचं कोणीही लिहील, 'नियत वयोमानानुसार' म्हटलं की झालं. खरी गोची असायची मधूनच जाणाऱ्यांची. आमच्याकडे प्रत्येक कारणाचा एक छुपा अर्थ लोकांनी आपोआप ठरवून टाकला होता. 'कौटुंबिक जबाबदारीमुळे' लिहिलं, की सासूने नोकरी सोडायला लावली. 'वैयक्तिक कारणास्तव' लिहिलं, की साहेबांशी वाजलं. आणि 'प्रकृतीच्या कारणास्तव' असं नुसतं वाचलं, की अख्खा हॉल मान वळवून त्या माणसाकडे बघायचा, कुठे काय दुखतंय ते शोधायला.

एकदा रात्रपाळीचा एक गडी पिण्यापायी नोकरीतून गेला. मी दया येऊन लिहिलं, 'घरच्या शेतीकडे लक्ष देण्यासाठी.' झालं! चहाच्या वेळी लोकांनी त्याला घेरलं. "शेती कुठं हाय गा? विहीर हाय का? कपाशी का संत्रं?" त्या बिचाऱ्याकडे कुंडीसुद्धा नव्हती. तो तिथल्या तिथे अंगणातल्या तुळशीसारखा कोमेजला. तेव्हापासून मी एक शिकले. कारण दिलं की प्रश्न येतो. म्हणून कारण द्यायचंच नाही. माणूस कुठे चालला ते सांगायचं, काहून चालला ते नाही. मग त्याने काय काय केलं ते इतकं भरभरून लिहायचं, की ऐकणाऱ्याला विचारायची सवडच मिळू नये.

सगळ्यात मोठा धोका आमच्या एका बाईचा होता. तिला आम्ही 'चौकशी खिडकी' म्हणायचो. कोणाच्या डब्यात काय, कोणाच्या घरी पाहुणे कोण, कोणाची सून माहेरी का गेली, सगळं तिला लागायचं. समारंभात ती पहिल्या रांगेत बसायची आणि अगदी गोड आवाजात नको तेच विचारायची.

मग माझ्या आयुष्यातली एक मोठी गोष्ट घडली. खात्याची परीक्षा झाली. सुपरवायझरची जागा एकच होती, अमरावतीला. आम्ही दोघीही बसलो होतो. आणि ती जागा मला मिळाली. मला! महालला नाही, सक्करदऱ्याला! त्या परीक्षेत आवाजाला मार्क नव्हते ना.

त्या दिवशी मी सायकलरिक्षा करून घरी गेले. नवऱ्याला म्हटलं, "आता माझा निरोप समारंभ होईल. हार माझ्या गळ्यात, खुर्ची माझी." तो म्हणाला, "अन् मानपत्र कोण लिहीन?" मी म्हटलं, "मीच लिहीन. माझ्याबद्दल माझ्याएवढं चांगलं कोणाला लिहिता येणार?" तो खो खो हसला. मी मात्र खरंच म्हणत होते.

आमच्याकडे बढतीची एक रीत होती. रिटायरवाल्याला चिवडा, बदलीवाल्याला चिवडा, पण ज्याची बढती झाली तो स्वतःच्या हाताने संत्रा बर्फी वाटायचा. डबा घेऊन खुर्चीपासून खुर्चीपर्यंत जायचं. मी किती वर्षं लोकांची बर्फी खाल्ली होती! मी मनात रांगसुद्धा ठरवली होती. आधी साहेब, मग मोठ्या बाई, आणि मग सरळ ती.

पण त्या आधीच तिचा आवाज बसला. आधी सर्दी म्हणाली, मग घसा, मग रजेवर गेली. एकदा बोर्डावर तिच्या जागी मी दिल्ली घेत होते, तेव्हा मला बरं वाटलं. मग मोठ्या बाईंनी मला एका दुपारी आत बोलावलं. दार लावलं. ती तिथे बसली होती, गळ्याला मफलर, तेही भर उन्हाच्या दिवसांत.

मोठ्या बाई म्हणाल्या, "हिला गाठ आहे. गळ्याची. मुंबईला मामाकडे जाऊन ऑपरेशन करायचं आहे. आवाज राहणार नाही. डॉक्टरांच्या बोर्डाने लिहून दिलं, नोकरी संपली."

मी तिच्याकडे पाहिलं. ती कुजबुजली. कुजबुज म्हणजे नुसता वारा, त्यात आवाज असा नव्हताच. "आईले नको माहीत पडायले वं. बाबा त्याच रोगानं गेले. आईनं दोन पावसाळे त्यांचं केलं. तो शब्द पुन्हा तिच्या घरात नको. निदान मी जाईपर्यंत तरी."

तिची आई महालातल्या घरात तिच्याबरोबरच राहायची. लेक एकुलती एक, लग्न झालेलं नाही. आईला इतकंच सांगितलं होतं, की बोलून बोलून घसा बिघडला, डॉक्टरांनी मौन सांगितलं, आणि आता मुंबईला जायचं आहे, ऑफिसने तिकडे बदली केली म्हणून.

"मग समारंभच नको," मी म्हटलं.

मोठ्या बाई म्हणाल्या, "तिच्या आईने मला निरोप पाठवला. इतक्या वर्षांची नोकरी, तुम्ही माह्या पोरीची ओटी भरणार नाही का म्हणून. आता नाही म्हटलं तर तीच शंका घेईल. आणि एकटीचा समारंभ केला, तर तुझी ती चौकशी खिडकी तिथेच आईला विचारेल, कोणता रोग हो मावशी? म्हणून मी ठरवलं आहे. तुमचा दोघींचा एकच करू. तू अमरावतीला, ही मुंबईला. एकच मानपत्र. तुझ्या आडोशाने ही निघून जाईल."

माझ्या आडोशाने! अंगाची आग झाली माझ्या. ही बाई आजारी आहे हे मला कळत होतं, मी काही दगड नाही. पण माझा एकच दिवस होता, आणि त्यातही ती. अर्धा हार, अर्धी ओटी, अर्धं मानपत्र. मला वाटलं, हिने गाठसुद्धा माझाच मुहूर्त बघून आणली. असं मनात येऊ नये म्हणतात. आलं.

घरी येऊन लिहायला बसले. रागाने लिहिलं, म्हणून चांगलं झालं. तिच्याबद्दल लिहिताना कारण टाळायचं, 'प्रकृती' हा शब्द टाळायचा, 'विश्रांती' टाळायचा, 'आवाज' तर अजिबात नको. ज्या बाईचं सगळं आयुष्य आवाज, तिच्याबद्दल आवाजाशिवाय लिहायचं! मग मी तिच्या कानांबद्दल लिहिलं. ती कशी खरखरीतूनही पलीकडच्या माणसाचं नाव पकडायची. तार येण्याआधी मरणाची बातमी ऐकून ती कशी कोणाला न सांगता फक्त लाइन लावून द्यायची. पुरात रस्ते बंद झाले तेव्हा दिवसभर पाणीसुद्धा न पिता कशी बसली होती. लिहिता लिहिता लक्षात आलं, मला तिचं सगळं पाठ आहे. वैऱ्यावर जितकी नजर असते तितकी नवऱ्यावरही नसते.

शेवटचं वाक्य असं केलं: 'या दोघी आता आपल्यातून अमरावती व मुंबई येथे जात आहेत. नागपूरची लाइन त्यांच्यासाठी सदैव मोकळी राहील.' कशासाठी जात आहेत ते कुठेच नाही. जाणाऱ्यांचे दोन शब्द हाही प्रश्न होता, तिला उभं केलं की उघडं पडणार. म्हणून कार्यक्रमपत्रिकेत मी लिहिलं, 'दोघींच्या वतीने उत्तर: सक्करदरा.' मोठ्या बाईंनी वाचलं आणि म्हणाल्या, "यात कुठे बोट घालायला जागा नाही." खरंच नव्हती. कागदावर नव्हती.

समारंभाच्या दिवशी तिची आई नऊवारी नेसून, हातात रुमाल घेऊन पहिल्या रांगेत आली. नेमकी चौकशी खिडकीच्या शेजारी.  आम्हा दोघींना सारख्या खुर्च्या, सारख्या शाली. मानपत्र मोठ्या बाईंनी वाचलं, रेशन दुकानातली यादी वाचावी तसं. तरी लोक ऐकत होते. तिच्या परिच्छेदाला टाळ्या पडल्या. माझ्या परिच्छेदालाही पडल्या, पण त्या सभ्यपणाच्या.

मी दोघींच्या वतीने उभी राहिले. माझा तोच आवाज, ज्यावर लोक खेकसायचे. बोलले चार वाक्यं, चुकले नाही. खाली बसले तेव्हा वाटलं, चला, पार पडलं.

आणि इथेच घोळ झाला. घोळ शब्दांचा नव्हता, डब्याचा होता. बर्फीचा डबा मी आणला होता, माझ्या बढतीचा. तो आमच्या दोघींच्या खुर्च्यांमध्ये ठेवला होता. मी उठले, साहेबांना दिली, मोठ्या बाईंना दिली. ती नुसतीच बसून राहिली तर विचित्र दिसेल, म्हणून मोठ्या बाईंनी घाईघाईत अर्धी बर्फी ताटलीत काढून तिच्या हातात दिली आणि डोळ्यांनी खुणावलं, तूही वाट. चांगल्या मनाने केलं. ती उठली आणि पहिली बर्फी, कोणीही देईल तशी, तिने आईसमोर धरली.

आईने बर्फी पाहिली. लेकीकडे पाहिलं. आणि तिचा चेहरा जो उजळला! लेकीकडून आमच्या सगळ्या रीती तिने ऐकल्या होत्या. चिवडा कधी, बर्फी कधी.

"बढती झाली!" ती मोठ्याने म्हणाली. "बढती झाली वं तुही! म्हणून मुंबई! अन् मले सांगतलं नाही? डॉक्टरानं मौन घशासाठी सांगतलं, की आईपासून लपवायले?"

लेकीने ताटली तशीच धरून ठेवली. बोलता येत नव्हतं आणि मान हलवायचाही धीर नव्हता.  हॉलमधल्या प्रत्येकाला माहीत होतं, बढती कोणाची.

आई माझ्याकडे वळली. "जागा तं एकच होती ना वं? पोरगी म्हणे, सक्करदऱ्याचीही बसली परीक्षेले. मग तू काहून बर्फी वाटून राहिली? तू कायले जाऊन राहिली?"

बघा कसं असतं. सगळ्या जगाच्या प्रश्नांना मी बांध घातला होता. चौकशी खिडकीसाठी, साहेबांसाठी, काटोलच्या व्यापाऱ्यासाठीसुद्धा उत्तर तयार होतं. हा प्रश्न मात्र माझ्याबद्दल होता, आणि माझ्याबद्दल मी काहीच तयारी केली नव्हती.

डबा माझ्या हातात होता. माझ्या बढतीची बर्फी. मला इतकंच म्हणायचं होतं, 'जागा मला मिळाली, मावशी.' सहा शब्दही लागले नसते. मग आई विचारणार, तर माही पोरगी कायले चालली? आणि त्याच्या पुढे जाणारी वाट एकच होती, त्या शब्दाकडे जाणारी. ताटली धरून लेक माझ्याकडे बघत होती. विनवत नव्हती, ती विनवणाऱ्यांतली नव्हतीच. नुसती बघत होती, जशी लाइन लागायची वाट बघायची तशी.

"माझी नुसती बदली आहे, मावशी," मी म्हटलं. "बढती तिचीच. तिला एवढं बोलायची मनाई, म्हणून तिच्या वतीने मी वाटतेय."

बोलले आणि रडू आलं. दयेने नाही हं, रागाने. एकच, एकच गोष्ट मी तिच्याआधी मिळवली होती, आणि तीही माझ्या हाताने, सगळ्यांसमोर, तिच्या पदरात घातली. माझ्या पैशाच्या बर्फीसकट.

चौकशी खिडकीने तोंड उघडलं. मी डोळे मिटले. "हाव ना मावशी," ती म्हणाली, "आम्ही तं पहिलेच म्हटलं होतं, जागा महालवालीलेच भेटन." आणि ताटलीतून बर्फी उचलून तिने तोंडात टाकली, आणि आयुष्यात पहिल्यांदा काहीही विचारलं नाही.

मग सगळ्यांनी तिच्या बढतीची बर्फी खाल्ली. साहेबांनीसुद्धा. माझ्या नवऱ्याला मी दारात उभा पाहिला, त्याला काहीच कळेना. त्याला मी डोळ्यांनीच गप्प केलं.

आईने माझी ओटी भरताना माझ्या पाठीवरून हात फिरवला. हळूच म्हणाली, "मन लहान नको करजो. तुलेही भेटन. सगळ्यांले तिच्यासारखा आवाज थोडी असते."

निघताना लेक माझ्याजवळ आली, कानाशी. वारा सुटावा तशी म्हणाली, "दिल्ली तू घेजो आता." मी म्हटलं, "मी अमरावतीला चालले, माझी बदली आहे." तेव्हा ती हसली. आवाज नसलेलं हसू कसं असतं ते मी त्या दिवशी पाहिलं. ते मात्र कोणालाच हेवा वाटावा असं नव्हतं.

अमरावतीला गेल्यावर महिनाभराने काटोलच्या त्या व्यापाऱ्याचा अमरावतीसाठीचा एक कॉल माझ्या हाताशी लागला. आवाज ओळखला त्याने. "बाई, त्या दुसऱ्या बाई कुठं गेल्या हो?" मी म्हटलं, "मुंबईला. बढतीवर." तो म्हणाला, "होणारच!" माझं काय झालं ते त्याने विचारलं नाही.

ती मुंबईहून परत आली नाही. ऑपरेशननंतर गेली. आईला मामाने घरी येऊन जे सांगायचं ते सांगितलं असेल. नागपूरला येणं झालं तेव्हा मी महालात आईला भेटायला गेले. ती ओसरीत तांदूळ निवडत बसली होती. भिंतीवर लेकीचा फोटो, हार घातलेला. शेजारच्या दोघी बायका बसल्या होत्या. मी पाया पडले. तिने बायकांना सांगितलं, "माही पोरगी सुपरवायझर होती ना मोठी, मुंबईले. ही तिच्या हाताखाली होती. चांगली आहे बिचारी."

माझ्या हाताखाली तेव्हा अमरावतीचं अख्खं एक्स्चेंज होतं. "हो," मी म्हटलं.

मग तिने सूप बाजूला ठेवलं, माझा हात धरला आणि विचारलं, "तुले भेटली का वं बढती मग?"

मी फोटोकडे पाहिलं. आजही सांगते, त्या क्षणीही मला तिचा हेवा वाटला. "अजून नाही, मावशी," मी म्हटलं.

"भेटन," ती म्हणाली. "तुहा आवाजही काही वाईट नाही."